आमच्या गल्लीच्या गणपतीचा हिशोब: पावती नंबर ८८ आणि आठ स्लाईडचं कॅरोसेल

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमची कॉलनी आहे, साधारण सव्वाशे घरं, आणि मंडळ छोटंच म्हणजे दहा-बारा कार्यकर्ते, त्यातले निम्मे विसर्जनाच्याच दिवशी दिसणारे. २०२४ च्या गणपतीनंतर ग्रुपवर जो हिशोब पडला होता तो म्हणजे वहीच्या पानाचा तिरका फोटो, त्यावर तीन ओळी, जमा अंदाजे ९०,०००, खर्च अंदाजे ८२,०००, शिल्लक खजिनदाराकडे. कुणी उघड काही बोललं नाही पण २०२५ ला वर्गणीला फिरायला लागल्यावर लोक बोललेच, आणि तेही दारातच. एका काकूंनी तर विचारलं, "अंदाजे म्हणजे काय रे, दुधाचा हिशोब तरी अंदाजे करतोस का तू?"

पैसे कुणी खाल्ले नव्हते हे आधीच सांगतो. खजिनदार काका बँकेतून रिटायर झालेले, माणूस एकदम सरळ. पण सरळ माणसाचा हिशोबसुद्धा कागदावर वाकडा दिसू शकतो आणि तो कसा दिसतो, कुठे वाकतो, हे या वेळी नीट कळलं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

ठरलं असं की इन्स्टाग्रामवर दोन कॅरोसेल टाकायची, एक आगमनाच्या आधी कार्यक्रमपत्रिकेचं आणि एक विसर्जनानंतर हिशोबाचं, आणि त्याच स्लाईड व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायच्या, कारण आमच्याकडचे पन्नाशीच्या पुढचे लोक इन्स्टावर नाहीतच. डिझाईनचं काम माझ्याकडे आलं, हिशोब मांडायला वरच्या मजल्यावरची वहिनी, ती एका सीएच्या ऑफिसात काम करते.

पत्रिकेचं आधी सांगतो, ते तुलनेनं सोपं होतं. पहिला मसुदा पोरांनी एका रात्रीत बनवला, रोज एक कार्यक्रम, सगळे संध्याकाळी सातला. बघायला छान पण आमच्या गावात तो चालणारच नव्हता. रविवारी ३१ ऑगस्टला त्यांनी फॅन्सी ड्रेस ठेवलेला, आणि तो पाचवा दिवस, त्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक असते, सरकारी घाटावर कृष्णेत विसर्जन होतं, दुपारपासून निम्मी सांगली तिकडे. वर त्याच दिवशी गौरी आवाहन. म्हणजे मंडपात परीक्षक आणि साऊंडवाला असे दोघंच बसले असते. सोमवारी १ सप्टेंबरला गौरीपूजन आणि नेमकी त्या दिवशी पाककला स्पर्धा! बायकांनी ते वाचून हसूनच सोडलं, म्हणाल्या घरात पुरणपोळीचा घाट घालून वर तुमच्यासाठी स्पर्धेचा पदार्थ करायचा होय. शेवटी रविवारच्या खाली 'आज मंडपात फक्त आरती' असं लिहिलं, पाककला बुधवारी ३ तारखेला पाच वाजता गेली, आणि गौरीपूजनाच्या रात्री साडेआठला हळदीकुंकू आणि झिम्मा-फुगडी, ती स्पीकरशिवाय, त्यामुळे दहाच्या वेळेचा प्रश्नच आला नाही.

दहाचा प्रश्न आला तो विविध गुणदर्शनला. रात्री दहानंतर स्पीकर बंद, काही ठराविक दिवशी प्रशासन बारापर्यंत सूट देतं पण आमचा गुरुवार त्यात धरून चालण्यात अर्थ नव्हता. आरती आटपून पावणेआठला सुरू करायचं आणि पावणेदहाला उरकायचं म्हणजे हातात १२० मिनिटं. एक नाच चार मिनिटांचा, पण मधे पोरांना स्टेजवर चढवणं, गाणं लावणं, 'अजून एकदा जोरदार टाळ्या' यात दीड मिनिट आरामात जातं, म्हणजे एका आयटमला साडेपाच मिनिटं धरा, तर एकवीस आयटम बसतात आणि सूत्रसंचालन नि बक्षिसं धरली की अठराच. नावं आली होती एकतीस. मग दहा वर्षांच्या आतली पोरं बुधवारी आणि मोठी गुरुवारी अशी फोड केली. स्लाईडवर एक ओळ मुद्दाम मोठ्या अक्षरात टाकली, गाणं एमपीथ्री फाईलमध्ये आदल्या दिवशी द्या. कारण आदल्या वर्षी मोबाईलवरनं ऑनलाईन गाणं लावलेलं आणि ऐन लावणीत टूथपेस्टची जाहिरात सुरू झालेली, पोरगी बिचारी तशीच ठेक्यात उभी.

स्लाईडच्या तांत्रिक गोष्टी दोनच सांगतो ज्यांनी खरंच फरक पडला. साईज १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी ठेवली, आणि एका स्लाईडवर दोनच दिवस, कारण दहा दिवस एका चित्रात कोंबले की मोबाईलवर अक्षर मुंगीएवढं होतं आणि व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं तेव्हा बारीक अक्षरांच्या वेलांट्या आधी जातात, मग ७ चा १ वाटतो. दुसरं म्हणजे फ्लेक्सवाल्याकडून मजकूर कॉपी करू नका. बऱ्याच प्रेसमधलं काम अजून जुन्या फॉन्टमध्ये असतं, युनिकोडमध्ये नाही, आपल्याकडे पेस्ट केलं की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. उलट करायचं, आपण मुक्तासारख्या युनिकोड फॉन्टमध्ये टाईप करायचं आणि त्याला पीडीएफ द्यायचं.

आता हिशोब.

आमचं मंडळ रजिस्टर्ड नाही. अशा मंडळांना वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क, आणि उत्सव झाल्यावर तिथं हिशोब द्यावा लागतो. म्हणजे हिशोब हा काय फक्त गल्लीच्या समाधानाचा विषय नाही. परवानगीचा क्रमांक पत्रिकेच्या शेवटच्या स्लाईडवर टाकला. क्यूआर कोड मात्र एकाही स्लाईडवर टाकला नाही, पोरं टाकू म्हणत होती. फॉरवर्ड होणाऱ्या चित्रात क्यूआर बदलून दुसऱ्याचा चिकटवणं दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. क्यूआर फक्त मंडपात, काचेमागे, आणि तो अध्यक्ष नि खजिनदार यांच्या जॉईंट खात्याचा, ज्यात दुसरा कुठलाही व्यवहार नाही. हे खातं काढणं हीच या वर्षीची सगळ्यात कामाची गोष्ट असं माझं मत आहे, आधी पैसे काकांच्या पर्सनल नंबरवर यायचे आणि त्यांच्या पेन्शनमध्ये नि गॅसच्या बिलामध्ये मिसळून जायचे.

विसर्जन ६ सप्टेंबरला शनिवारी झालं, दुसऱ्या दिवशी रात्री ग्रहण, त्यामुळे मीटिंग पुढच्या रविवारी १४ ला बसली. वहिनीनं काकांची वही घेतली आणि पहिली बेरीज केली. मागची शिल्लक ८,३४०, वर्गणी ९९,४५०, दानपेटी ६,२१५, एकूण जमा १,१४,००५. खर्च वहीत १,११,३०५. म्हणजे शिल्लक २,७०० पाहिजे. काकांनी खिशातनं मंडळाचं पाकीट काढलं, त्यात ४४९ रुपये, खात्यात ७५०, एकूण १,१९९. फरक १,५०१ चा.

इथं साधारण मंडळं काय करतात तर 'किरकोळ खर्च' नावाच्या ओळीत दीड हजार ढकलतात आणि विषय संपवतात. काका स्वतःच म्हणाले, "लिहा किरकोळमध्ये, मी भरतो खिशातनं." वहिनी नाही म्हणाली. तिचं म्हणणं असं की १,५०१ हा आकडाच सांगतोय की ही चूक खर्चातली नाही, खर्चाच्या शेवटी कधी एक रुपया नसतो, तो वर्गणीच्या शेवटी असतो. मला हे फार आवडलं. बेरीज चुकली असती तर फरक कसाही आला असता, ४३० नाहीतर ९००, पण १,५०१ म्हणजे कुणाची तरी अख्खी वर्गणी.

मग तिनं पावती पुस्तकं मागितली. पुस्तकं तीन, प्रत्येकी पन्नास पावत्यांची, त्यातल्या १ ते १३७ वापरलेल्या, तीन रद्द. रद्द पावत्या दोन्ही प्रतींसकट पुस्तकातच चिकटवून ठेवलेल्या, हे काकांनी बँकेच्या सवयीनं केलेलं आणि त्यामुळेच पुढचं काम झालं, कारण पावती नुसती फाडून टाकली असती तर ती रद्द झाली की कुणाकडे गेली हे कळायला मार्गच नाही. पुस्तकात प्रत्येक पावतीवर रोख की यूपीआय असं लिहिलेलं. यूपीआयवाल्या पावत्यांची बेरीज ५७,९०० आली, खात्याच्या स्टेटमेंटला गणपतीच्या नावानं आलेले पैसे ५६,३९९. फरक तोच, १,५०१. मग एकेक ओळ टिक करत गेलो आणि पावती नंबर ८८ उरली. ती एका घरातल्या पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावची, त्यानं फोनवर सांगितलेलं की आत्ता पाठवतो, पोरांनी त्याच्या आईला लगेच पावती फाडून दिली, आणि त्याचं राहून गेलं. लबाडी कुणाचीच नव्हती. पण पावतीवर यूपीआय लिहिताना खात्यात पैसे दिसले का हे कुणी बघितलं नाही, आणि समोरच्यानं दाखवलेल्या 'पेमेंट सक्सेसफुल'च्या स्क्रीनवर सुद्धा विश्वास ठेवून चालत नाही, ती स्क्रीन कालचीही असू शकते. खात्यात आल्याशिवाय पावती नाही, एवढंच.

दुसरी गडबड त्याहून मोठी होती आणि ती फरकात दिसलीच नव्हती. वहीत वीज खर्च ५,१८० लिहिलेला. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घेतलं होतं, त्यात बिल २,१८० आणि बाकी ३,००० अनामत. अनामत म्हणजे खर्च नव्हे, अंतिम बिल भागलं की ती परत येते, नुसती आपली दुसरीकडे ठेवलेली असते. वहीत ती खर्चात पडली म्हणजे पुढच्या महिन्यात ३,००० परत आल्यावर ते कुठल्याच वहीत नसते. बहुतेक मंडळांचे पैसे गेले असं जेव्हा लोक म्हणतात ना, तेव्हा ते अशाच अनामतीत, आगाऊ दिलेल्या विसारात नाहीतर न आलेल्या वर्गणीत अडकलेले असतात आणि ते लिहायला वहीत कॉलमच नसतो.

दोन्ही दुरुस्त केल्यावर खर्च १,०८,३०५ झाला आणि शिल्लक ५,७००. ही स्लाईड मी तीनदा बनवली आणि शेवटी ज्या स्वरूपात गेली ती अशी:

१४ सप्टेंबर २०२५ अखेर
एकूण जमा १,१४,००५
एकूण खर्च १,०८,३०५
शिल्लक ५,७००
ही शिल्लक कुठे आहे?
रोख ४४९
बँक खाते ७५०
वीज अनामत, परत येणे ३,०००
वर्गणी येणे (पावती ८८) १,५०१

खालच्या चार ओळी जास्त महत्त्वाच्या. नुसतं 'शिल्लक ५,७००' लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं असतं दाखवा, आणि पाकिटात निघाले असते ४४९.

खर्चाची स्लाईड सरळ होती, मंडप आणि स्टेज २७,०००, महाप्रसाद २४,३००, लाईट आणि साऊंड १८,५००, विसर्जनाचा ट्रॅक्टर आणि झांजपथक १५,०००, पूजा, रोजचा प्रसाद आणि गुरुजींची दक्षिणा ९,७६०, बक्षिसं ७,४५०, छपाई २,६५०, वीज २,१८० आणि किरकोळ १,४६५. मोठ्यापासून छोट्याकडे लावलं कारण लोकांचं पहिलं बोट मोठ्या आकड्यावरच जातं. किरकोळ सगळ्यात छोटी ओळ आली याचा मला जरा जास्तच आनंद झाला. वस्तूरूपानं जे आलं, म्हणजे एका घरानं दिलेली मूर्ती, दहा दिवसांची फुलं, महाप्रसादाचा तांदूळ, त्याची वेगळी स्लाईड केली आणि तिथं रुपये लिहिलेच नाहीत. त्याची किंमत आपण ठरवून जमेत धरली तर तेवढाच खर्चही दाखवावा लागतो आणि मग दोन्ही बाजू फुगतात, प्रत्यक्षात पैसा हललेलाच नसतो.

खरा वाद झाला तो देणगीदारांच्या यादीवरनं. पोरांना नावासकट यादी पाहिजे होती, मोठी रक्कम वर. तशी यादी आदल्या वर्षी मंडपात लागली होती आणि सगळ्यात खाली १०१ रुपयेवाली दोन नावं, दोघी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया. त्यातली एक या वर्षी वर्गणी मागायला गेल्यावर म्हणाली, "पैसे घेऊन जा बाबांनो, नाव नका लावू." पण नावं काढली तर मग आपली वर्गणी वहीत आली का हे माणसानं तपासायचं कसं? वहिनीनं सुचवलेला उपाय मला तरी कुठल्या मंडळात दिसला नव्हता. यादी पावती क्रमांकाची करायची. क्रमांक आणि रक्कम, बस. ज्याच्याकडे पावती आहे त्याला आपला नंबर माहीत असतो, तो आपल्या ओळीवर बोट ठेवतो आणि तीच रक्कम आहे का बघतो, शेजाऱ्याला कळत नाही ती कुणाची. आणि नंबर सलग असल्यामुळे मधली एखादी पावती गायब असेल तर ती भोकासारखी दिसते.

१३७ ओळी कॅरोसेलमध्ये वाचता येत नाहीत, म्हणून स्लाईडवर पुस्तकवार बेरीज टाकली, पुस्तक १ मध्ये ४८ पावत्या ४१,६५०, पुस्तक २ मध्ये ४९ पावत्या ३३,२८०, पुस्तक ३ मध्ये ३७ पावत्या २४,५२०, रद्द ३, आणि अख्खी यादी ए-थ्री कागदावर छापून मंडळाच्या बोर्डवर लावली. ज्यांनी महाप्रसादाला ११,००० दिले त्यांना नाव पाहिजेच होतं, तर ते 'महाप्रसाद सौजन्य' म्हणून शेवटच्या स्लाईडवर गेलं, रकमेशिवाय. ते थोडे नाराज झाले, राहू दे.

या पद्धतीला मर्यादा आहे ती सांगायला पाहिजे. पावतीच न देता घेतलेले पैसे यात कुठेच सापडत नाहीत. पुस्तकातल्या नंबरांची साखळी पक्की असली तरी पुस्तकाबाहेर कुणी हातावर पैसे घेतले तर ते यादीला कळणार नाही, ते फक्त देणाऱ्याला कळणार, यादीत आपला नंबर शोधताना 'अरे आपल्याला पावतीच दिली नाही' असं आठवल्यावर. म्हणून हिशोबाच्या पहिल्या स्लाईडवर तेच विचारलं, वर्गणी दिली पण पावती मिळाली नाही असं कुणी आहे का, २१ तारखेपर्यंत काकांना फोन करा. दोन फोन आले. एकाची पावती त्यांच्या मुलाच्या पाकिटात निघाली. दुसऱ्यानं दानपेटीत ५०० टाकले होते आणि त्यांना वाटत होतं ती वर्गणीच झाली, त्यांना पेटी उघडतानाचा पंचांच्या सह्यांचा कागद दाखवला, पेटीची पावती नसते हे त्यांनाही पटलं.

प्रत्येक स्लाईडच्या कोपऱ्यात 'स्लाईड ५/८' असा नंबर आणि 'अखेर' ची तारीख टाकली होती, ते व्हॉट्सॲपसाठी. तिथं लोक आठातली एकच स्लाईड उचलून पुढे ढकलतात, आणि नुसती खर्चाची स्लाईड फिरली की वाटतं मंडळानं लाख रुपये उडवले. नंबर दिसला की निदान माणूस बाकीच्या मागतो.

पोस्ट गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुण्याच्या मुलाचे १,५०१ खात्यात आले, त्यानं बोर्डवरची यादी आईकडून फोटोत बघितलेली, लाजला बहुतेक. इन्स्टावर एकदा टाकलेल्या स्लाईडचं चित्र बदलता येत नाही, पण खालचा मजकूर बदलता येतो, तिथं तारखेसकट लिहिलं की पावती ८८ जमा, बँक खाते आता २,२५१. ग्रुपवर वेगळा मेसेज टाकला, बोर्डवर काकांनी लाल पेनानं लिहून सही केली. अनामत परत आल्यावर तशीच अजून एक ओळ पडेल. धर्मादाय कार्यालयात द्यायचा हिशोब याच आकड्यांवरनं वहिनीनं एका संध्याकाळी टाईप केला, त्यासाठी वेगळी वही उघडावी लागली नाही, आणि काका आता पुढच्या वर्षीच्या पावती पुस्तकात 'खात्यात तपासले' असा एक चौकोन छापून घ्यायचा म्हणून प्रेसवाल्याच्या मागे लागलेत.